पाचशे गेले, चारशे ऐंशी आले: ईआरपीची यूएटी आतून कशी चालते

चाकणमधल्या एका कारखान्यात नवं ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचं काम एकत्र आणणारी संगणकप्रणाली, बसत होतं आणि यूएटीचा, म्हणजे ती रोज वापरणाऱ्यांनी करायच्या तपासणीचा, दुसरा दिवस होता. दुपारी साडेतीनला स्टोअरच्या काकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन शब्द टाकले, "जॉबवर्क चालत नाही." ईआरपी बसवणाऱ्या कन्सल्टंटचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "आमच्याकडे चालतंय." मग स्क्रीनचे तिरके फोटो, "कोणता आयटम?", "एकदा लॉगआउट करून बघा", हात जोडलेला एक इमोजी, आणि सहा वाजता प्रोजेक्ट मॅनेजरचं "उद्या बोलू".

दोघंही खरं बोलत होते. त्या प्रोजेक्टमध्ये कंपनीच्या बाजूने यूएटीचा ताळमेळ ठेवायचं काम माझ्याकडे होतं. काकांच्या त्या तीन शब्दांचं पुढे काय झालं, तेवढंच इथे सांगते. यूएटीत जे काही शिकण्यासारखं असतं त्यातलं बरंचसं त्यात येऊन जातं. कारखान्याचं नाव देत नाही आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत.

यूएटी विचारते तो प्रश्न वेगळा

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि हिशेब हे सगळं एकाच प्रणालीत. ती बसवताना तपासणी तीनदा होते. आधी कन्सल्टंट आपण केलेला एकेक भाग स्वतः चालवून बघतो, त्याला युनिट टेस्टिंग म्हणतात. मग सगळे भाग जोडून बघतात, म्हणजे खरेदीची ऑर्डर केली की स्टोअरला दिसते का, माल आला की हिशेबात उतरतो का. हे इंटिग्रेशन टेस्टिंग. या दोन्हींत प्रश्न एकच असतो: ठरवलं होतं तसं चालतंय का?

तिसरी तपासणी यूएटी, म्हणजे यूजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग. तिचा प्रश्न असा: सोमवारी सकाळी जुनी प्रणाली बंद केली तर मला यावर माझं काम करता येईल का? याचं उत्तर कन्सल्टंट देऊ शकत नाही, आयटीवालाही देऊ शकत नाही. जो माणूस ते काम रोज करतो त्यालाच ते देता येतं. म्हणून यूएटीत प्रत्येक खात्यातून एकदोन माणसं घेतात, त्यांना की यूजर म्हणतात.

इथे पहिली गडबड होते. खातेप्रमुखाला सांगितलं की दोन माणसं द्या, तर तो ज्याच्यावाचून अडत नाही असा माणूस पाठवतो. तो बिचारा स्क्रिप्ट, म्हणजे काय काय करून बघायचं त्याची यादी, वाचत वाचत बटणं दाबतो, सगळ्या ओळींवर "पास" लिहितो आणि चहाला जातो. आम्ही हट्टाने स्टोअरचे काकाच मागितले. स्टोअर इन्चार्जनी विचारलं, "मग गेटवर गाड्या कोण उतरवून घेणार?" ते रास्तच होतं. शेवटी काका दुपारी दोन ते सहा यूएटीत आणि तेवढा वेळ दुसऱ्या शिफ्टचा मुलगा गेटवर, असं ठरलं. हे ठरवायला लागलेला वेळ स्क्रिप्ट लिहायला लागलेल्या वेळेपेक्षा जास्त होता.

आणखी एक अट आम्ही पाळली. प्रत्येकाने स्वतःच्याच लॉगिनने, उद्या त्याला जेवढे अधिकार मिळणार आहेत तेवढ्याच अधिकारांत टेस्टिंग करायचं. सोयीसाठी सगळे अधिकार असलेलं एक लॉगिन सगळ्यांना वाटून देण्याची पद्धत फार आहे. मग टेस्टिंगमध्ये सगळं उघडतं आणि गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी प्रणाली खरोखर सुरू होण्याच्या, दिवशी निम्म्या लोकांना "तुम्हाला परवानगी नाही" दिसतं.

पाचशे ब्रॅकेटचं काय झालं

आता जॉबवर्क. या कारखान्यात लोखंडी ब्रॅकेट मशीनवर तयार व्हायचे, मग झिंक प्लेटिंगसाठी भोसरीला एका प्लेटरकडे जायचे आणि चकचकीत होऊन परत यायचे. माल आपलाच राहतो, प्लेटर फक्त त्यावर काम करतो आणि कामाचे पैसे घेतो. जाताना डिलिव्हरी चलान करायचं. प्रणालीत तेवढे नग आपल्या स्टोअरमधून कमी होतात आणि "प्लेटरकडे असलेला आपला माल" या खात्यात दिसतात. परत आले की तिथून कमी होऊन आपल्याकडे जमा होतात.

यात जीएसटीचा एक धागा आहे, पुढे तो लागणार आहे म्हणून आत्ताच सांगते. जॉबवर्कला कच्चा किंवा अर्धवट तयार माल पाठवताना कर भरावा लागत नाही, पण तो पाठवल्यापासून एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच पुढे विकला जावा लागतो. तसं झालं नाही तर, माल पाठवला त्याच दिवशी तो विकला होता असं कायदा धरतो, आणि कर व्याजासकट भरावा लागतो. शिवाय किती गेलं आणि किती आलं याचं आयटीसी-०४ नावाचं विवरण द्यावं लागतं; वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. थोडक्यात, कोणाकडे किती नग आणि कोणत्या तारखेपासून पडलेत, हे नक्की माहीत असावंच लागतं.

कन्सल्टंटने लिहिलेली जॉबवर्कची स्क्रिप्ट सरळ होती. ५०० नग पाठवा, ५०० परत घ्या, बिल नोंदवा. ती त्यांच्याकडे चालत होती आणि आमच्याकडेही चालली असती. पण काकांनी स्क्रिप्टचा कागद बाजूला ठेवला आणि स्टोअरच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं खरं चलान काढून आणलं. त्यावर ५०० नग गेले होते. परत ४९२ आले. त्यांतले ४८० चांगले आणि १२ प्लेटिंग नीट न बसल्याने तपासणीत नाकारलेले. उरलेले ८ प्लेटरकडेच ॲसिडच्या टाकीत जास्त वेळ राहून वाया गेले होते.

काकांनी ४८० ची आवक केली. प्रणालीने प्लेटरच्या खात्यातून ४८० वजा केले आणि २० नग प्लेटरकडे शिल्लक दाखवले. पण भोसरीला त्यांतला एकही धड नग नव्हता. बारा इथे आमच्याच, नाकारलेला माल ठेवायच्या लाल पिंजऱ्यात पडले होते आणि आठ भंगारात गेले होते. काकांनी ते बारा आत घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा प्रणालीने त्यांना चांगल्या मालातच घेतलं. आठ कुठे लिहायचे ते सापडेना. आणि एवढं करून अकाउंट्सच्या मॅडमनी प्लेटरचं बिल नोंदवलं, तर तेही अडकून बसलं. या सगळ्याचा एकत्रित अनुवाद म्हणजे "जॉबवर्क चालत नाही".

यावरून आम्ही एक पद्धत उचलली, ती मला आजही सगळ्यात उपयोगी वाटते. स्क्रिप्ट लिहायला बसायच्या आधी त्या माणसाच्या टेबलाशी जायचं आणि मागच्या तीन महिन्यांतले अडलेले कागद मागायचे. निकालात निघालेले कागद आपल्या कामाचे नसतात. खिळ्यावर, ड्रॉवरमध्ये, काचेखाली दाबून ठेवलेले कागद हवेत. त्यांतली दहाबारा प्रकरणं नव्या प्रणालीत पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवायची. सरळ चालणाऱ्या गोष्टी कन्सल्टंटने आधीच दहादा तपासलेल्या असतात.

एका तक्रारीच्या तीन ओळी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ग्रुपवर जाहीर केलं की व्हॉट्सॲपवरची तक्रार धरली जाणार नाही. तक्रारींची नोंद, म्हणजे इश्यू लॉग, एकच, एका सामायिक शीटमध्ये. ज्याला टाइप करायला जमत नसेल त्याने माझ्या शेजारी बसून सांगावं, मी लिहीन. पहिल्या आठवड्यात निम्म्या ओळी अशा सांगून लिहून घेतलेल्या होत्या, त्यात काही बिघडलं नाही.

लॉगमध्ये रकाने खूप करायचा मोह होतो. आम्हाला खरोखर लागले ते चार प्रश्न: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि कुठल्या डॉक्युमेंट नंबरवर झालं. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. नंबर असला की कन्सल्टंट तेच डॉक्युमेंट उघडून बघतो आणि "आमच्याकडे चालतंय" हे वाक्य तिथेच संपतं. बाकी तारीख, नाव, स्क्रीनशॉट, कोणाकडे आहे आणि सध्या काय स्थिती आहे, हे असतंच.

काकांशी बोलता बोलता त्यांची एक तक्रार तीन ओळींत फुटली. पहिली ओळ अशी लिहिली:

"ब्रॅकेटचे ५०० नग प्लेटरला पाठवले. आवक करताना ४८० चांगले आणि १२ नाकारलेले असं घ्यायचं होतं. १२ नग नाकारलेल्या साठ्यात जायला हवे होते. प्रणालीने तपासणीचा टप्पाच दाखवला नाही आणि ४९२ च्या ४९२ चांगल्या साठ्यात घेतले. चलान आणि आवक नंबर सोबत."

दुसऱ्या ओळीत वाया गेलेले आठ नग. तिसऱ्या ओळीत अडकलेलं बिल, आणि ती काकांच्या नावावर नव्हे, मॅडमच्या नावावर, कारण पुढे ती सुटली की नाही हे त्यांनाच सांगायचं होतं.

मग आला नेहमीचा वाद. कन्सल्टंटचं म्हणणं, हे काही आमची चूक नाही, ही नवी मागणी आहे, म्हणजे चेंज रिक्वेस्ट, म्हणजे वेगळे पैसे. आमच्या लोकांचं म्हणणं, जॉबवर्कला नग नाकारले जातात हे शेंबड्या पोरालाही कळतं. अशा वेळी आवाज चढवून काही होत नाही. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी सही केलेलं गरजांचं डॉक्युमेंट उघडायचं आणि त्यात काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं. आम्ही तेच केलं आणि तिन्ही ओळींची उत्तरं तीन निघाली.

बारा नगांबद्दल डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट वाक्य होतं: बाहेरून आलेल्या सर्व मालाची आवक तपासणी होईल आणि नाकारलेला माल वेगळा ठेवला जाईल. कन्सल्टंटने हे विकत घेतलेल्या मालाला लावलं होतं, जॉबवर्कहून आलेल्या मालाला लावायचं राहिलं होतं. म्हणजे ही सेटिंगमधली चूक, दुरुस्ती त्यांची, पैसे नाहीत. कन्सल्टंटने लगेच मान्य केलं. तो माणूस भांडखोर नव्हता, त्याला फक्त तीन शब्दांवरून काही कळलं नव्हतं.

आठ नगांचं वेगळंच निघालं. जॉबवर्करकडच्या साठ्यातून वाया गेलेला माल कमी करायची सोय प्रणालीत आधीपासून होती. फक्त तिचा अधिकार काकांच्या लॉगिनला नव्हता आणि ती आहे हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. अधिकार द्यावा का, यावर मात्र बरीच चर्चा झाली. स्टोअरच्या माणसाने आपल्याच हाताने साठा कमी करावा हे हिशेबाच्या दृष्टीने बरं नाही. म्हणून नोंद काका करतील आणि मंजुरी परचेस मॅनेजर देतील असं ठरलं. ही ओळ "चूक" म्हणून बंद झाली नाही, "अधिकार व प्रशिक्षण" म्हणून झाली.

तिसरी ओळ मला सगळ्यात आवडते. प्लेटर दर किलोवर लावतो, समजा किलोला १८ रुपये. आपण माल नगांत मोजतो. प्रणालीत एका ब्रॅकेटचं वजन ०.८५० किलो धरलेलं, म्हणून ४९२ नगांचे ४१८.२ किलो. प्लेटरच्या काट्यावर वजन आलं ४२४ किलो. फरक ५.८ किलो, म्हणजे १०४ रुपये ४० पैसे. रक्कम किरकोळ, पण टक्केवारीत तो फरक जवळपास १.४ होतो आणि प्रणालीत मर्यादा एक टक्का ठेवली होती. म्हणून बिल अडकलं. नगानगाच्या वजनात थोडा फरक असतोच, वर प्लेटिंगचा थर चढतो, काटे दोन वेगळे. हे बिल अडकणं चूक नव्हती. नेमून दिलेलं काम प्रणाली अगदी चोख करत होती. मॅडमना हवं होतं की प्लेटरच्या वजनपावतीवरून वजन घेऊन बिल आपोआप जुळावं. ते डॉक्युमेंटमध्ये कुठेही नव्हतं. तेव्हा ती खरोखरच नवी मागणी होती आणि आमच्या लोकांना ते मान्य करावं लागलं.

एका तक्रारीतून एक चूक, एक प्रशिक्षण आणि एक नवी मागणी. "जॉबवर्क चालत नाही" ही एकच ओळ लॉगमध्ये राहिली असती, तर बारा नगांची दुरुस्ती झाल्यावर कन्सल्टंटने ती बंद केली असती आणि काकांनी पुन्हा उघडली असती, आणि हा खेळ गो-लाइव्हपर्यंत चालला असता.

किती गंभीर, हे कोण ठरवणार

लॉगमधल्या प्रत्येक ओळीला गंभीरतेचा आकडा द्यावा लागतो, १ ते ४. व्याख्या आम्ही पहिल्याच दिवशी भिंतीवर लावली होती. १ म्हणजे काम थांबतं आणि दुसरा मार्ग नाही. २ म्हणजे मार्ग आहे, पण रोजचा ताप किंवा धोका आहे. ३ म्हणजे मार्ग आहे आणि काही दिवस सोसवेल. ४ म्हणजे नुसतं दिसण्याचं, जसं शब्द चुकलाय, रकाना आखूड आहे.

व्याख्या असूनही पहिल्या दोन दिवसांत जवळपास सगळ्या ओळी १ होत्या. साहजिक आहे, प्रत्येकाला आपलं काम आधी हवं असतं. मग आम्ही एक सवय लावून घेतली. रोज संध्याकाळी पाचला, उभ्याउभ्या, वीस मिनिटं, खातेप्रमुख आणि कन्सल्टंट समोरासमोर. जो १ म्हणेल त्याने सांगायचं की ही चूक सुटली नाही तर पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल. "काहीच करता येणार नाही" असं उत्तर आलं तर १. "एक्सेलमध्ये लिहू" आलं, तर रोज किती वेळा आणि किती मिनिटं ते मोजायचं.

मॅडमच्या बिलाचं असंच मोजलं. अशी बिलं महिन्याला साधारण साठ. अडकलेलं बिल बघून सोडायला तीन मिनिटं. म्हणजे महिन्याला तीन तास. मॅडम म्हणाल्या, "तीन तास म्हणजे फार नाही हो, पण ते मीच का घालवायचे?" तरीही ३ ठरलं. बारा नगांचं २ ठरलं. सगळे आत घेऊन मग हाताने पिंजऱ्यात हलवता आले असते, पण मधल्या तासाभरात लाइनवरच्या कोणीतरी ते उचलले असते तर नाकारलेला ब्रॅकेट ग्राहकाच्या गाडीत जाऊन बसला असता.

दिवस मोजताना

वेळापत्रकाबद्दल थोडं, कारण पुण्यात ते चुकायला सोपं आहे. आमच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी, इकडच्या औद्योगिक भागात अनेकांची असते तशी. कन्सल्टंट बाणेरहून येणारे, त्यांची सुट्टी शनिवार-रविवार. प्लॅनमध्ये तीन आठवड्यांचे पंधरा दिवस धरले होते. दोघंही हजर असतील असे दिवस सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार, म्हणजे बाराच. त्यांतला एक पालख्या शहरात असताना गेला, कारण निम्मी माणसं वाटेतच अडकली.

अकाउंट्सचा महिना आणखी वेगळा. पाच तारखेपर्यंत मागचा महिना बंद करायचा, अकरापर्यंत जीएसटीचं जीएसटीआर-१ विवरण, वीसपर्यंत जीएसटीआर-३बी. तेव्हा त्यांच्या स्क्रिप्टचा मोठा भाग एकवीसनंतर ठेवला आणि स्टोअर-परचेसचा आधी. काकांच्या चलानामागचं बिल नोंदवायला मॅडम पहिल्याच आठवड्यात आल्या, त्या अर्ध्या तासासाठी आणि मेहेरबानी म्हणून.

बंद कोण करणार

दुरुस्ती झाली की कन्सल्टंट ओळीची स्थिती "बंद" करायला उत्सुक असतो. आमचा नियम असा की कन्सल्टंट फक्त "दुरुस्त, पुन्हा तपासा" लिहील. "बंद" ज्याने तक्रार केली तोच करेल, तेही पुन्हा पहिल्यापासून चालवून. बारा नगांची सेटिंग बदलल्यावर काकांनी त्याच चलानासारखं नवीन चलान केलं. ४८० चांगल्यात गेले, १२ नाकारलेल्यात गेले. मग त्यांनी ८ वाया दाखवले, मॅनेजरची मंजुरी घेतली आणि प्लेटरच्या नावावर शून्य आलं. तेव्हा त्यांनी मान डोलावली.

पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. सेटिंग बदलली की शेजारचं काहीतरी हलतं. इथेही हललं. जॉबवर्कच्या आवकेला तपासणी लावल्याबरोबर दुरुस्तीला बाहेर गेलेल्या डाय म्हणजे साच्यांनाही तपासणी लागली, आणि एक डाय चार दिवस "तपासणी बाकी" म्हणून कोणाला वापरता येईना. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर तिच्या आसपासच्या दोनतीन जुन्या पास झालेल्या स्क्रिप्ट पुन्हा चालवाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, दुसऱ्या फेरीचा निम्मा वेळ यातच जातो आणि प्लॅनमध्ये तो कोणी धरत नाही.

सही कशावर करायची

शेवटी साइन-ऑफ. सहीबद्दल दोन गैरसमज असतात. खात्यातल्या माणसांना वाटतं की सही केली म्हणजे प्रणाली निर्दोष असल्याची हमी आपण दिली, म्हणून ती टाळतात. आणि कन्सल्टिंग कंपनीला वाटतं की सही म्हणजे बिलाचा पुढचा हप्ता, म्हणून ती घाईने मागतात. करारात हप्ता बहुधा यूएटीच्या सहीला बांधलेला असतोच. काही करारांत असंही कलम असतं की ठरावीक दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मान्यता मिळाली असं धरलं जाईल. सही टाळणाऱ्याला हे कलम माहीत नसतं. गप्प बसून तो सहीच करत असतो, तीही बिनशर्त.

त्यामुळे आम्ही सही मॉड्यूलवर, म्हणजे प्रणालीच्या एकेका भागावर, न घेता कामाच्या साखळीवर घेतली. "स्टोअर मॉड्यूल ठीक" यावर कोणीही सही करू शकतं, त्याला अर्थ नाही. "जॉबवर्क: चलानापासून बिलापर्यंत" यावर काका, परचेस मॅनेजर आणि अकाउंट्सच्या मॅडम तिघांची सही. आयटीची नाही. कागदावर कोणत्या स्क्रिप्ट चालवल्या, काय निकाल आला आणि कोणत्या ओळी उघड्या आहेत ते सगळं. उघड्या ओळीपुढे तोवर काय करायचं आणि कधीपर्यंत सुटणार. १ आणि २ ची एकही ओळ उघडी असता कामा नये, ३ आणि ४ च्या राहू शकतात. याला सशर्त साइन-ऑफ म्हणतात आणि माझ्या मते बहुतेक वेळा तोच खरा असतो. एकही ओळ उघडी नसलेला कागद दिसला की मला टेस्टिंगबद्दलच शंका येते.

जॉबवर्कचा कागद सहीला आला तो शुक्रवार होता. गो-लाइव्ह १ ऑगस्टला. काकांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "आज बाहेर असलेल्या चलानांचं काय?"

आज बाहेर असलेली, म्हणजे जुन्या प्रणालीतून पाठवलेली आणि अजून परत न आलेली चलानं. ती नव्या प्रणालीत आणून ठेवायची होती आणि त्यांची चाचणीपुरती एक भरणी आधीच झाली होती. काकांनी सगळ्यात जुनं चलान उघडायला सांगितलं, मागच्या नोव्हेंबरमध्ये गेलेलं. नग बरोबर होते, प्लेटर बरोबर होता. परत यायची शेवटची तारीख मात्र पुढच्या वर्षीच्या जुलैअखेरची दिसत होती. कायद्याने ती याच नोव्हेंबरची होती.

कारण साधं होतं. बंद झालेल्या महिन्यांत नोंद करता येत नाही, म्हणून भरणी १ ऑगस्टच्या तारखेने करायचं ठरलं होतं आणि वर्ष मोजणारा रिपोर्ट तीच तारीख घेत होता. सगळ्या जुन्या चलानांची वर्षं नव्याने सुरू झाली होती. रिपोर्टमध्ये एकही ओळ लाल नाही, काम कुठे थांबलेलं नाही, कोणाला त्रास नाही. आमच्या भिंतीवरच्या व्याख्येप्रमाणे हे फार तर ३ ठरलं असतं. आणि नोव्हेंबरमध्ये कोणाच्याही लक्षात न येता मुदत संपून कर आणि माल पाठवल्या दिवसापासूनचं व्याज अंगावर आलं असतं.

त्या दिवशी सही झाली नाही. भिंतीवरच्या १ च्या व्याख्येत आम्ही पेनने वाढवलं: "किंवा पैशाची अथवा कायद्याची चूक गुपचूप होते." भरणीच्या फाइलमध्ये मूळ चलान नंबर आणि मूळ तारीख असे दोन रकाने जोडले, रिपोर्ट मूळ तारीख वाचेल असा बदलला आणि भरणी पुन्हा केली. मंगळवारी काकांनी खिळ्यावरची दहा जुनी चलानं एकेक करून स्क्रीनशी ताडली. दहाच्या दहा जुळली.

मग त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि खालच्या उघड्या ओळींवर बोट ठेवलं. "बिलाचं सप्टेंबरअखेर होणार म्हणता. नाही झालं तर मी फोन कोणाला करायचा?" कागदावर तो रकानाच नव्हता. आम्ही तो तिथेच हाताने आखला आणि प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव लिहिलं. बिलाच्या ओळीपुढे माझं.